खरी बाटली, खोटा माल

आमच्या घरात दारूचं कौतुक कधीच नव्हतं. मी स्वतः वर्षातून दोनदा, तेही लग्नकार्यात कोणी फारच आग्रह केला तर घेणारा माणूस. तरीही गेली काही वर्षं नात्यातल्या कोणाकडे कार्य असलं की मला हटकून एक फोन येतो. "अरे, एक बाटली दाखवायची होती तुला." जणू काही मी डॉक्टर आणि बाटली पेशंट! :)

हे कसं सुरू झालं ते आज सांगतो. सुरुवात गमतीची असली तरी शेवट माझ्यावरच उलटला, म्हणून लिहायला इतके दिवस लागले.

मी राहतो उल्हासनगर कॅम्प २ मध्ये. इथला पत्ता सांगितला की समोरचा एकच विनोद करतो, 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. लहानपणापासून ऐकतोय. १९४७ नंतर सगळं सोडून आलेल्या माणसांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडले, हाताला येईल तो धंदा केला, आणि त्यांच्या वाट्याला हा विनोद आला. मला त्याचा राग येतो, पण आमच्या शेजारचे अंकल हसून सोडून देतात. अंकलनी तरुणपणी बरीच वर्षं एका परवानाधारक वाईन शॉपच्या काउंटरवर काढली आहेत. आणि मी अंबरनाथ एमआयडीसीत पॅकेजिंगच्या छपाईत वीस वर्षं घालवली. औषधांची खोकी, तेलाची लेबलं, बिस्किटांचे पुडे. त्यामुळे छापलेली कुठलीही वस्तू हातात आली की आधी कडा बघायच्या ही माझी खोड.

तर झालं असं. २०२२ चा डिसेंबर. बदलापूरला धाकट्या काकांच्या मुलीचं लग्न होतं. हळदीच्या रात्री मुलाकडची चार मोठी माणसं येणार, त्यांच्यासाठी काकांनी तीन बाटल्या स्कॉच घेतल्या. नावाजलेली ब्लेंडेड स्कॉच, खोक्यासकट. दुकानातल्या भावाच्या जवळपास निम्म्यात! "ओळखीचा माणूस आहे, एअरपोर्टचा माल आहे, तिन्ही एकाच पेटीतल्या," असं काका म्हणाले. काकूच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्या आठवडाभर माझ्याकडे ठेवल्या. रविवारी दुपारी अंकल चहाला आले, त्यांचं लक्ष कपाटाकडे गेलं आणि त्यांनी विचारलं, "कितने में?"

मी आकडा सांगितला. अंकलनी चहाचा कप खाली ठेवला.

त्यांचा पहिला मुद्दा बाटलीविषयी नव्हताच, हिशेबाविषयी होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं. त्याआधी बाहेरून चोरून आणलेली बाटली आणि दुकानातली बाटली यांच्या भावात मोठं अंतर असायचं, त्यामुळे 'कर चुकवून आणली म्हणून स्वस्त' ही गोष्ट पटण्यासारखी तरी होती. दुकानातला भाव खाली आल्यावरही कोणी निम्म्यात देत असेल, तर तो कर वाचवत नाहीये, आतला मालच वाचवतोय. अंकलचं म्हणणं मला पटलं. पण काकांना हिशेबाने पटणार नव्हतं. मग आम्ही तिन्ही बाटल्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या.

सुरुवात सगळ्यात साध्या गोष्टीपासून. बाटली ७५० मिलीची होती. आपल्याकडच्या दुकानात हाच आकार चालतो. विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानात मात्र बहुतेक एक लिटरची बाटली असते. शिवाय मागच्या बाजूला आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि 'फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी' असं छापलेलं स्टिकर होतं. विमानतळावरून आलेल्या बाटलीला महाराष्ट्राचं स्टिकर कशाला असेल? म्हणजे बाटली एक सांगत होती आणि विकणारा दुसरंच. बाटलीत काय आहे हे अजून कळलं नव्हतं, पण दोघांपैकी एक खोटं बोलतोय एवढं नक्की झालं.

मग मी माझं भिंग काढलं. प्रेसमधलं, दहा पट मोठं दाखवणारं. मला वाटलं, आता दोन मिनिटांत निकाल लावतो. चांगल्या लेबलावर सोनेरी अक्षरं म्हणजे खरी फॉइल असते, दाबून बसवलेली. बोट फिरवलं की काठ लागतो. मुख्य रंग बहुतेक वेळा वेगळ्या शाईने सपाट छापलेला असतो, त्यामुळे भिंगातून बघितलं तरी तो एकसंध दिसतो. नकली लेबल करणारा बहुधा खऱ्या लेबलाचं स्कॅन काढून चार रंगांत छापतो. मग तोच रंग भिंगाखाली निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांत फुटतो, आणि बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत सावली येते. साध्या डोळ्यांना हे दिसत नाही. भिंगाला लपत नाही.

मी तिन्ही लेबलं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितली. सगळी खरी! फॉइल खरी, रंग एकसंध, बारीक अक्षरं ब्लेडने कापल्यासारखी. वीस वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर मी अंकलना सांगितलं, "माल ओरिजिनल आहे."

अंकल म्हणाले, "बेटा, लेबल बाद में देखो. पहले ढक्कन."

इथे मला पहिल्यांदा कळलं की मी चुकीची वस्तू तपासत होतो. नकली बाटली आणि पुन्हा भरलेली बाटली ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. नकली बाटलीत लेबल खोटं असतं, म्हणून छपाई बघायची. पुन्हा भरलेल्या बाटलीत काच खरी, लेबल खरं, खोकंही खरं. कोणीतरी पिऊन रिकामी केलेली ती खरीच बाटली असते. तिथे छपाई तपासणं म्हणजे चोराने खऱ्या मालकाचं रेशन कार्ड दाखवावं आणि आपण ते कार्ड असली आहे म्हणून त्याला घरात घ्यावं, तसं. तिथे दोनच जागी हात लागलेला असतो, झाकण आणि आतला द्रव.

झाकणाचं असं आहे. महागड्या बाटल्यांच्या तोंडात एक प्लॅस्टिकचा तुकडा घट्ट बसवलेला असतो, त्यात छोटी गोटी किंवा झडप असते. दारू बाहेर येते पण आत ओतता येत नाही. धंद्यात त्याला 'ग्वाला कॅप' म्हणतात, ग्वाला या इटालियन कंपनीच्या नावावरून. मग पुन्हा भरायची कशी? तर झाकण गरम करून प्लॅस्टिक मऊ करायचं, आतल्या तुकड्यासकट अख्खं उपटायचं, नरसाळ्याने भरायचं आणि परत दाबून बसवायचं. सील म्हणून जी खालची कडी असते ती तुटलेली असेल तर नवी कडी किंवा नवं झाकण आणायचं. काम सफाईने झालं तरी प्लॅस्टिक विसरत नाही. जिथे ताण पडला तिथे पांढरट वळ उठतात, नखाने दुमडलेल्या डबीच्या झाकणावर उठतात तसे.

पहिल्या बाटलीच्या कडीखाली तसे वळ होते. दुसरीचं झाकण न उघडता, अगदी हलक्या हाताने फिरवलं तर कडीसकट अख्खं गोल फिरलं. खऱ्या बाटलीत कडी जागची हलत नाही. झाकण पिळलं की दोघांना जोडणारे बारीक पूल कट-कट करत तुटतात आणि कडी मानेवरच राहते. तिसरीचं झाकण मात्र निर्दोष होतं. पण त्याच्यावरून खाली उतरणारी कागदी पट्टी मी भिंगाखाली धरली आणि तिथे माझे ठिपके सापडले. लेबल खरं, पट्टी स्कॅनची! म्हणजे माझी विद्या अगदीच वाया गेली नाही, फक्त जागा चुकली होती.

आता पातळी. लोक दुकानात बाटली उजेडात धरून 'कमी भरलीय' म्हणतात, तसं एका बाटलीवरून काही ठरत नाही. अल्कोहोल उन्हाळ्यात फुगतं. ७५० मिली दारूचं तापमान दहा अंशांनी वाढलं तर ती साधारण पाच मिलीने वाढते. पाच मिली म्हणजे एक चमचा, पण हा चमचा बाटलीच्या अरुंद मानेत चढतो, त्यामुळे पातळी दीड-दोन सेंटीमीटर वर दिसू शकते. फ्रिजमधली बाटली आणि गाडीच्या डिकीतली बाटली शेजारी ठेवून तुलना केली तर खरी बाटलीही खोटी ठरेल. पण आमच्या तिन्ही बाटल्या चार दिवस एकाच कपाटात होत्या. कारखान्यात यंत्र एका प्रकारच्या सगळ्या बाटल्या एकाच पातळीला भरतं. मी सपाट टेबलावर तिन्ही उभ्या केल्या, पहिलीच्या पातळीला रबरबँड लावला आणि फूटपट्टीने तेवढ्याच उंचीवर बाकीच्या दोघींना. दुसरी रबरबँडच्या सात-आठ मिलीमीटर खाली, तिसरी चांगली बोटभर वर. नरसाळ्याने हाताने भरलं की असंच होणार.

आणि शेवटची गोष्ट, जी मला अजूनही सगळ्यात जास्त पटते. काचेवर तळाच्या जवळ बारीक अक्षरांत लॉटचा कोड असतो. 'एकाच पेटीतल्या' तीन बाटल्यांचे कोड जवळपास सारखे हवेत. आमच्या तिघींचे कोड कुठेच जुळत नव्हते. मागच्या स्टिकरवरच्या तारखा बघितल्या, तर तीन बाटल्या तीन वेगवेगळ्या वर्षांच्या! एकीवर 'मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे, पिऊन गाडी चालवू नका' ही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची एप्रिल २०१९ पासून सक्तीची झालेली सूचना होती, तर सगळ्यात जुनीवर त्याआधीची. शिवाय तिघींच्याही पोटाच्या फुगीर भागावर घासल्याचे पांढरे पट्टे होते. खोक्यात बसून आलेली बाटली कशाला घासली जाईल? पोत्यात दुसऱ्या बाटल्यांवर आपटत आलेली घासली जाते.

तीन घरांतल्या, तीन वर्षांच्या तीन रिकाम्या बाटल्या कोणीतरी गोळा करून एकत्र आणल्या होत्या.

संध्याकाळी काकांना फोन केला. ते चिडले. मला ते अपेक्षित होतं. "तुम्ही लोक फार शहाणे. अरे, त्या माणसाने स्वतः आमच्यासमोर एक उघडून दिली होती. आम्ही प्यालो. काही झालं का आम्हाला?"

"काका, त्या उघडलेल्या बाटलीबद्दल मी काही म्हणत नाही. या तीन बाटल्यांबद्दल म्हणतोय."

"आत काय असणार? दुसरी कुठली तरी स्वस्तातली व्हिस्की असणार. विष थोडंच आहे!"

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा काकांचंच बरोबर निघतं. महाग बाटलीत स्वस्त व्हिस्की, एवढाच प्रकार असतो. माणूस फसतो, मरत नाही. पण मला उत्तर देता येईना ते याच 'बहुतेक'मुळे. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत काय झालं ते आपल्याला आठवतं. मालवणीत शंभरावर माणसं गेली. ती बाटलीतली स्कॉच नव्हती, गरिबांची गावठी होती, पण मारणारी वस्तू होती मिथेनॉल. आणि मिथेनॉलच्या बाबतीत माझी, अंकलची आणि भिंगाची सगळी विद्या संपते.

कारण ते दिसायला पाण्यासारखं, वासाला आणि चवीला साध्या अल्कोहोलच्या इतकं जवळचं, की मिसळलं तर कळत नाही. लोक बाटली हलवून बुडबुडे बघतात, चमच्यात घेऊन पेटवून ज्योतीचा रंग बघतात. दोन्ही बिनकामाचं. बुडबुडे मिथेनॉललाही येतात, आणि दोन्ही मिसळलेली असताना ज्योतीवरून काही सांगता येत नाही. माझ्या एका हुशार मावसभावाने हायड्रोमीटर सुचवला होता. पण हायड्रोमीटर घनता मोजतो, आणि शुद्ध इथेनॉलची घनता ०.७८९ तर मिथेनॉलची ०.७९१. त्याला दोन्ही सारखीच. हे फक्त प्रयोगशाळेत कळतं. शरीरालाही लगेच कळत नाही. आधी नेहमीसारखी नशा येते, आणि पोटात दुखणं, डोळ्यांपुढे धुकं येणं हे बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं. तोवर शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल झालेलं असतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर बसतं. अशा वेळी झोपून बघू म्हणायचं नाही, तडक मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं आणि काय प्यायलं ते न लाजता सांगायचं.

मी काकांना एवढंच म्हणालो, "ही बाटली खोटी आहे हे मी सांगू शकतो. आतलं निर्धोक आहे हे मात्र मी सांगू शकत नाही. आणि हळदीच्या दुसऱ्या दिवशी लग्न आहे."

फोनवर बराच वेळ शांतता. मग "टाकून दे" म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते पुढचे दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलले.

तिन्ही बाटल्या मी मोरीत ओतल्या. अंकल दारात उभे होते. घरभर वास सुटला, तेव्हा म्हणाले, "खुशबू तो अच्छी है." हळदीच्या रात्री काकांनी दुकानातून, पावती घेऊन, दोनच बाटल्या आणल्या. कोणाला काही कमी पडलं नाही.

राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रार करा म्हणून मी काकांना सांगून बघितलं. ते तयार झाले नाहीत, ओळखीचा माणूस ना. आणि मीही केली नाही. पुरावा तर मीच मोरीत ओतला होता. त्या माणसाने पुढे आणखी कोणाच्या हळदीला बाटल्या दिल्या असतील, हा विचार येतो अधूनमधून. असो.

पण माझ्यावर उलटलेली गोष्ट ही नाही. ती पुढची.

बाटल्या ओतून झाल्यावर रिकाम्या मोरीपाशीच ठेवल्या होत्या. आई आली, बघितलं, आणि सहज म्हणाली, "फेकू नकोस हं. भंगारवाला खोक्यासकट असल्या तर चांगले पैसे देतो. तुझ्या बाबांच्या अकरा गेल्या तेव्हा झाकण आणि खोकं असलेल्यांचे वेगळे दिले होते त्याने."

बाबा २०१७ मध्ये गेले. ते पिणारे नव्हते, पण त्यांचे मित्र परदेशातून येताना बाटली आणत, सगळे मिळून संपवत, आणि बाबा ती रिकामी बाटली धुऊन, पुसून, झाकण लावून, खोक्यात घालून शोकेसमध्ये ठेवत. मित्रांची आठवण म्हणून. ते गेल्यावर वर्षभराने आईने शोकेस रिकामी केली. साध्या बाटलीचे दोन रुपये आणि त्या बाटल्यांचे पन्नास-पन्नास. आईला वाटलं, बाबांच्या वस्तूंची किंमत झाली. मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं.

पन्नास रुपये काचेचे नव्हते. काच वितळवायची असेल तर झाकण आणि खोकं कशाला हवं? इतकी वर्षं मी खोक्यांच्या धंद्यात होतो, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. माझ्या टेबलावर ज्या तीन बाटल्या तीन घरांतून आल्या होत्या, तशाच आमच्या घरातून अकरा गेल्या होत्या. त्यांत काय भरलं गेलं, त्या कोणाच्या कार्यात उघडल्या गेल्या, मला कधीच कळणार नाही.

आईला हे सगळं मी सांगितलं नाही. तिला एवढंच म्हटलं की यापुढे बाटल्या माझ्याकडे दे. आता घरात कुठूनही चांगली बाटली आली की रिकामी झाल्यावर मी पक्कड घेऊन बसतो. तोंडातला प्लॅस्टिकचा तुकडा उपटून काढतो आणि मोडतो. लेबल पाण्यात भिजवून सुरीने खरवडतो, मागचं स्टिकरही. खोकं फाडून रद्दीत. मग उरलेली काच भंगारवाल्याला देतो. तो दोन रुपये देतो आणि माझ्याकडे जरा वैतागून बघतो.

काका गेल्या दिवाळीला आले होते. जाताना पिशवीतून एक रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हिचं पण बघ काय ते. आमच्याकडे पक्कड नाही."